थोरला वाडा गप्प झाला

पूर्वी भावाभावांत अबोला पडायला निदान बांध तरी लागायचा. बांध कोरला, वासरू हरभऱ्यात शिरलं, चिंचेच्या झाडावरून बोलाचाली झाली, असं काहीतरी घडावं लागायचं. ही गोष्ट ज्या घरातली आहे तिथं यांतलं काहीच घडलं नव्हतं. तिथं फक्त एक बोट चुकलं होतं, आणि तेही रात्री, चष्मा जवळ नसताना.

खटाव तालुक्यातलं एक कोरडवाहू गाव. तिथं तात्या आणि नाना हे दोघे सख्खे भाऊ. तात्या एकोणसत्तरीचे, नाना त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटे. वाटणी होऊन पंचवीस वर्षं झाली. रानं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या. पण विहीर काही दोन ठिकाणी नेता येत नाही. ती सामाईक राहिली. सातबाऱ्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, पाच हॉर्सपॉवरची एक मोटार, आणि चार-चार दिवसांची पाळी. विहिरीच्या काठावर पाइपाला वॉल आहे. तो उजवीकडं फिरवला की पाणी तात्यांच्या रानात, डावीकडं फिरवला की नानांच्या.

या घराचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. त्याचं नाव 'थोरला वाडा'. नानांचा मुलगा सुधीर चाकणला कंपनीत आहे. 2020 साली लॉकडाऊन लागला, कुणाला कुणाकडं जाता येईना, तेव्हा त्यानंच हा ग्रुप काढला. दोन्ही घरची माणसं, फलटणला दिलेली बहीण सुमनआक्का, तिची मुलं, सुना, जावई मिळून चौदा जण. ग्रुपचा कारभारी, म्हणजे अ‍ॅडमिन, एकटा सुधीर.

शहरातल्या लोकांना हा ग्रुप फुलांच्या चित्रांचा आणि वाढदिवसांचा. गावातल्या दोघा म्हाताऱ्यांना मात्र तो कामाचा झाला होता. तात्या चौथी शिकलेले. पोथी वाचतात, पेपर वाचतात, पण फोनवर लिहीत नाहीत. ते खालचं माइकचं चित्र दाबून धरायचे आणि बोलायचे, "माझं भिजवून झालं रं, वॉल तुझ्याकडं फिरवलाय." मग नानांचा अंगठा यायचा. कधी नाना सांगायचे, "तात्या, आज लाइट दोन तास उशिरा हाय." चाकणला सुधीर ते ऐकायचा, फलटणला आक्का ऐकायची. गावात आज पाणी कुणाच्या रानात चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोटार जळाली. नानांनी ती वर काढून वडूजला नेली, वायंडिंग करून आणली आणि पुन्हा विहिरीत सोडली. सगळा खर्च सहा हजार दोनशे. नानांनी बिलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "निम्मे तात्यांचे." त्यात वाकडं काही नव्हतं. बिल दिसावं, उद्या कुणी काही म्हणू नये, एवढाच हेतू होता. तात्यांना मात्र सुना-जावयांसमोर बिल मांडलेलं थोडं लागलं. जिजी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना ते जेवताना बोलूनही गेले, "मला येऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं?" पण तेवढंच. दुधाचा पगार एकवीस तारखेला व्हायचा होता. तो आला की एकतीसशे द्यायचे, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं.

अकरा जानेवारीची रात्र. फलटणच्या भाच्याचा वाढदिवस होता. साडेदहापासून फोन किणकिणायला लागला. एक केक आला, दुसरा केक आला, फुलं आली. तात्यांची झोपमोड झाली. नात प्राची आठवीत आहे. तिनं त्यांना मागं एकदा दाखवलं होतं की ग्रुप उघडायचा, वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत ती दाबायची आणि आवाज बंद करायचा. प्राची झोपली होती. चष्मा देवळीत होता. तात्यांनी तीन टिंबं दाबली. खाली यादी उघडली, सगळी इंग्रजीत. आवाज बंद करायची ओळ त्या यादीतच होती, 'Mute notifications' म्हणून. पण तात्यांना आठवत होतं ते शेवटचं काहीतरी. त्यांनी शेवटची ओळ दाबली. ती निघाली 'More', म्हणजे आणखी. मग दुसरी यादी उघडली. तीत 'Exit group' होतं. ते दाबल्यावर एक चौकट आली. नक्की आवाज बंद करू का, असं फोन विचारतोय असं तात्यांना वाटलं. त्यांनी हो म्हणून दाबलं. फोन गप्प झाला. तात्या समाधानानं कुशीवर वळले.

त्यांनी आवाज बंद केला नव्हता. ते ग्रुपातून बाहेर पडले होते.

आता इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की तशी ओळ सगळ्यांना दिसायची. मग कुणीतरी लगेच विचारायचं, "अहो, का गेलात?" 2022 सालच्या ऑगस्टपासून ते बदलत गेलं. जाणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती ओळ आता फक्त अ‍ॅडमिनला दिसते. बाकीच्यांना पाहायचंच असेल तर ग्रुपच्या माहितीत जाऊन, सभासदांच्या यादीच्या तळाशी, गेल्या साठ दिवसांत कोण गेलं ते पाहता येतं. पण तितकं खाली कोण जातो? म्हणजे चौदा जणांच्या घरातून थोरला माणूस उठून गेला, आणि ते कळलं फक्त एकाला.

तो एक म्हणजे सुधीर. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यानं फोन उघडला. तात्यांनी ग्रुप सोडल्याची ओळ. तिच्यावर केक, फुलं, आणि थोडं वर आपल्या बापानं टाकलेलं मोटारीचं बिल. त्यानं दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. कुणीही जोडल्या असत्या. फोन करून विचारावं असं त्याला वाटलं. पण चुलत्याला काय विचारायचं? "तात्या, तुम्ही चिडलात का?" हे पुतण्यानं विचारायचं? त्यानं आईला फोन लावला.

"आई, तात्यांनी ग्रुप सोडला गं. बिलावरनं दिसतंय. नानांना नको सांगू."

मालनकाकूंनी दुपारपर्यंत दम धरला. मग नानांना सांगितलं. संध्याकाळी आक्काला कळलं. दोन दिवसांत ज्याला त्याला कळलं आणि ग्रुपवर एक अक्षर पडेना. तात्या गेले त्यावर लिहावं, तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होणार. काही न घडल्यासारखी फुलं टाकावीत, तर थोरल्याची किंमत नाही असं दिसणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तेराच्या तेरा जणांना वाटलं. चौदा तारखेला संक्रांत होती. त्या दिवशी सकाळपासून तिळगुळाची चित्रं यायची, सुमनआक्का हलव्याचे दागिने घातलेल्या नातवाचा फोटो टाकायची. या वर्षी कुणीच कुणाला गोड बोला म्हटलं नाही. जिनं तिनं एकमेकींना वेगळा फोन केला, आणि त्या फोनात बोलणं एकच, "तात्यांचं कळलं का?"

तात्यांना एकानंही फोन केला नाही.

इकडं तात्यांचं काय चाललं होतं? पहिले दोन दिवस त्यांना बरं वाटलं. आवाज बंद करायला जमलं. ग्रुप सोडला तरी तो फोनमधून जात नाही. यादीत तसाच दिसतो, जुनं बोलणं सगळं वाचता-ऐकता येतं. फक्त नवीन काही येत नाही. तात्यांना नाव दिसत होतं, बिल दिसत होतं, केक दिसत होता. आत काहीच हलत नव्हतं. संक्रांतीला त्यांनी आक्काला तिळगुळाचं बोलावं म्हणून ग्रुप उघडला, तर खाली माइकचं चित्रच नव्हतं. त्याच्या जागी इंग्रजीत एक करडी ओळ. तुम्ही आता या ग्रुपात नाही, म्हणून इथं निरोप पाठवता येणार नाही, असा त्या ओळीचा अर्थ. तात्यांना अर्थ कळला नाही, पण बोलायची जागा गेली एवढं दिसलं. त्यांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला.

"सुधीरनं ग्रुप बंद केलेला दिसतोय," ते जिजींना म्हणाले.

"का वं?"

"आपण बिलाला जबाब दिला न्हाई म्हणून. नवीन काढला असंल. आपल्याला सोडून."

जिजी म्हणाल्या, "प्राचीला दाखवा की फोन."

"पोरीला कशाला ह्यात?" तात्या म्हणाले, आणि फोन पालथा ठेवला.

एकवीस तारखेला दुधाचा पगार झाला. तात्यांनी एकतीसशे मोजून मुलाच्या, दत्ताच्या हातात दिले. एरवी ते स्वतः गेले असते, ओसरीवर बसून चहा घेतला असता. ग्रुप बंद करणाऱ्यांच्या दारात जायला या वेळी पाय उचलेना. दत्ता गेला, पैसे दिले, आला. नानांनी नोटा हातात घेतल्या आणि मालनकाकूंना म्हणाले, "बघ, पोराच्या हातनं धाडले. तोंड बघायचं न्हाई म्हंत्यात." वेळेवर आणि पुरे आलेले पैसे होते, पण त्यांनीही मन आणखी दुखावलं.

पाळी मात्र चालूच होती. चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे. कॅलेंडरवर खुणा होत्या. ज्याची पाळी लागेल तो जाऊन वॉल आपल्याकडं फिरवी. त्यामुळं न बोलताही तीन आठवडे निभावलं. आपल्याकडं पुष्कळ घरांत असंच निभावतं, आणि म्हणून अबोला लांबतो. नेमानं चालणाऱ्या गोष्टीला बोलणं लागत नाही. बोलणं लागतं ते नेम मोडायचा असतो तेव्हा.

एक फेब्रुवारीला तो मोडला. तात्यांच्या पाळीचा तो तिसरा दिवस. त्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची होती, दहा ते पहाटे सहा. तात्यांचं हरभऱ्याचं रान आदल्या रात्रीच भिजून झालं होतं आणि ज्वारीला पाणी नको होतं. म्हणजे त्यांच्या हातात दोन रात्री शिल्लक होत्या. संध्याकाळी वस्तीवरून येताना त्यांची नजर नानांच्या गव्हावर गेली. पेरणीला ऐंशी दिवस होत आले होते. गहू दाणे भरायच्या बेताला होता. या वेळी पाणी हुकलं की दाणा चिपाड राहतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गव्हाची पानं दुपारची मान टाकत होती. तात्या बांधावर थोडा वेळ उभे राहिले. मग विहिरीवर गेले आणि वॉल नानांच्या अंगाला फिरवून आले. आपल्या दोन रात्री त्यांनी भावाच्या गव्हाला दिल्या.

घरी आल्यावर सवयीनं फोन हातात घेतला. ग्रुप उघडला. खाली तीच करडी ओळ. नानांना सरळ फोन लावावा असं त्यांच्या मनात आलं. पण तीन आठवडे बोलणं नाही, तर आधी काय बोलायचं? बिलाचं का पाण्याचं? नाना झोपायच्या आधी रानात एक चक्कर मारतोच, त्याला दिसेल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. दत्ता त्या दिवशी सातारला गेला होता, नाहीतर त्याच्याबरोबर निरोप तरी गेला असता.

नानांनी त्या रात्री चक्कर मारली नाही. पाळी परवापासून, मग कशाला जायचं? त्यांच्या पाइपाचं तोंड मागच्या वेळेपासून खालच्या तुकड्यात उघडंच पडलं होतं. पाळी लागेल त्या सकाळी ते गव्हाला जोडायचं, असा त्यांचा बेत होता. त्या खालच्या तुकड्यात दहा गुंठे रांगडा कांदा होता. माना पडल्या होत्या, आठवड्यात काढायचा होता. काढणीआधी दोन-तीन आठवडे कांद्याचं पाणी तोडतात, तसं त्यांनी तोडलेलं होतं.

रात्री दहाला लाइट आली. मोटारीला ऑटो लावलेला. लाइट आली की ती आपोआप चालू होते. पाण्यातली मोटार, तिचा आवाज बाहेर येत नाही. पहाटे सहापर्यंत आठ तास पाणी कांद्यात पडत राहिलं. पाणी हवं होतं ते गव्हाला, आणि भरलं ते नको त्या कांद्यात.

सकाळी नाना रानात गेले तर वाफे तळ्यासारखे भरलेले. पाण्यावर वाळल्या पाती तरंगत होत्या. त्यांनी विहिरीवर जाऊन वॉल पाहिला. मग चप्पल न घालता, चिखलाच्या पायांनीच ते तात्यांच्या अंगणात आले.

"तात्या, थोरले म्हणून आजवर कधी तोंड वर करून बोललो न्हाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "ग्रुपातनं गेलासा, जावा. पैसं पोराच्या हातनं धाडलं, ते बी घेतलं. पर उभ्या कांद्यात पाणी सोडायचं? हे आपल्या घरात कधी झालं न्हवतं."

तात्या ओसरीवरून उठले. "कांद्यात? मी गव्हाला दिलं."

"गव्हाला पाइप जोडलाय कुठं? विचारायचं तरी."

"विचारू कुठं? ग्रुप तर तुम्हीच बंद केलासा."

"आम्ही? आम्ही बंद केला?"

दोघेही एकमेकांकडं पाहत राहिले. शाळेला निघालेली प्राची दप्तर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "ग्रुप चालू आहे की. माझ्या फोनवर आहे. कुणी काही टाकत नाही, एवढंच. आजोबा, बघू तुमचा."

तिनं फोन घेतला, ग्रुप उघडला, खालची ओळ वाचली. मग वरची एक बारीक ओळ बोटानं दाखवली.

"आजोबा, तुम्ही ग्रुप सोडलाय. अकरा तारखेला."

"मी कुठं सोडला? मी आवाज बंद केला. केक यायला लागलेले बघ, तवा."

"कसा बंद केलात? दाखवा."

तात्यांनी बोट पुढं केलं. तीन टिंबं. यादी. शेवटची ओळ. नाना त्या बोटाकडं बघत होते. नांगर धरून वाकडं झालेलं, पेराला गाठ आलेलं ते बोट काचेवर भलतीकडंच जाऊन टेकत होतं. शेजारच्या दोन ओळी एकदम झाकील इतकं ते जाड होतं. प्राचीनं 'Exit group' चा अर्थ सांगितला. म्हणाली, "हे बाहेर जायचं आहे. आवाजाचं आधीच्या यादीत होतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आतून जिजी आल्या, चिखलाच्या पायांकडं त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी पाण्याचा तांब्या आणून नानांच्या पुढं ठेवला.

नाना पाय धुता धुता म्हणाले, "म्हंजे तुम्ही बिलावरनं न्हाई गेला."

"बिल जरा लागलं मला," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पर त्याच्यासाठी घर सोडून जाईन व्हय रं?"

नानांनी सुधीरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सुधीर गडबडला. म्हणाला, "तात्या, मला वाटलं तुम्ही रागावलात. विचारणार होतो..."

"वाटलं व्हतं तर विचारायचं व्हतं," तात्या म्हणाले. "बाकीच्यांना दिसलं न्हाई. तुला दिसलं व्हतं."

सुधीर गप्प झाला. मग म्हणाला, "आत्ता घालतो तुम्हाला." पण ते एका फटक्यात झालं नाही. मागं कुणीतरी तात्यांचा नंबर शेअर बाजाराच्या कसल्याशा ग्रुपात परस्पर घातला होता. तेव्हा दत्तानं त्यांच्या फोनमध्ये बंदोबस्त केला होता की ज्याचा नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यानंच ग्रुपात घालावं. आणि सुधीरनं दिवाळीत नंबर बदलला होता. नवा नंबर तात्यांच्या फोनमध्ये कुणी साठवलाच नव्हता. अशा वेळी नुसतं आमंत्रण येतं. ते तीन दिवसांत स्वीकारलं तर आत जाता येतं, नाहीतर ते मोडतं. प्राचीनं आधी सुधीरकाकाचा नंबर नावानिशी साठवला, मग आमंत्रण तात्यांपुढं धरलं. म्हणाली, "आता तुम्हीच दाबा." या वेळी चष्मा लावून तात्यांनी दाबलं.

बाहेर असताना ग्रुपात जे बोलणं झालं ते परत येणाऱ्याला सहसा दिसत नाही. तात्यांचं मात्र काहीच हुकलं नव्हतं, कारण बावीस दिवसांत तिथं कुणी बोललंच नव्हतं.

तात्या आत आले तरी ग्रुप गप्पच. चाकण, फलटण, सगळीकडं ते आलेले दिसले असतील. आता काय लिहायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडला असेल. तात्यांनी माइकचं चित्र दाबून धरलं.

"मी तात्या बोलतोय. मी रागानं गेलो न्हवतो. आवाज बंद करताना बोट चुकलं. काल मी नानाच्या अंगाला पाणी सोडलं ते त्याला सांगितलं न्हाई, त्याच्या कांद्यात पाणी भरलं. आज कांदा काढाय घेतोय. ज्याला यायला जमंल त्यानं यावं."

पहिला जबाब फलटणहून आला. सुमनआक्का नुसती रडत होती, मग मागून तिचा शब्द आला, "दुपारच्या गाडीनं येते."

कांदा त्याच दिवशी उपसायला घेतला. दोन्ही घरची माणसं लागली. वाफ्यांचे बांध फोडून पाणी काढलं, ओला कांदा उपटून सावलीत पातळ पसरला. तरी पन्नासेक पिशव्यांच्या मालात बारा पिशव्या सडल्या. राहिलेला न टिकणारा माल म्हणून मिळेल त्या भावात घालवावा लागला. तात्यांनी बारा पिशव्यांचे पैसे देऊ केले. नाना नको म्हणाले. तात्यांनी ऐकलं नाही. शेवटी आक्कानं मध्ये पडून निम्म्यावर तोडलं. ते पैसे तात्या स्वतः घेऊन गेले आणि ओसरीवर बसून चहा पिऊन आले.

त्यानंतर त्या घरात तीन बदल झाले. प्राचीनं दोन्ही आजोबांच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप मराठीत करून दिलं. सेटिंगमध्ये भाषेची जागा आहे, तिथं मराठी निवडली की सगळ्या याद्या मराठीत दिसतात. आता बाहेर पडायची ओळ तात्यांना वाचता येते. तिनं या ग्रुपचा आवाजही कायमचा बंद करून दिला, म्हणजे रात्री केक आले तरी झोपमोड नाही. दुसरं, सुधीरनं सुमनआक्काला आपल्या जोडीला अ‍ॅडमिन केलं. तिला काही दिसलं आणि ती विचारणार नाही, असं कधी झालेलं नाही.

तिसरा बदल नानांनी केला. त्यांचे वडील असताना, फोन नव्हते तेव्हा, पाळी मधेच सोडली तर वॉलला तांबडं फडकं बांधायची रीत होती. दुरून दिसावं म्हणून. नानांनी जुन्या पटक्याचा एक तुकडा फाडला आणि वॉलच्या दांड्याला अडकवून ठेवला. तात्यांनी विचारलं, "आता कशाला? ग्रुप हाय की."

"असू द्या," नाना म्हणाले. "फडकं बांधलं की मला दिसतं. दिसलं की मी फोन लावतो. आणि तुम्ही उचलत जावा."